८.८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन

जानेवारी २०२३ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या खोडदचं नाव जगभरच्या विज्ञानवार्तांमध्ये झळकलं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूचा क्षीण रेडिओ संकेत पकडला होता. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातले अर्णब चक्रवर्ती आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले निरुपम रॉय या दोघांनी तो निरीक्षणांमधून शोधून काढला. बातम्यांमध्ये एक आकडा ठळक होता : हा संकेत ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे. त्या वेळी सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती, आणि ती दोन्ही जन्माला यायला अजून चार अब्ज वर्षं होती.

बातमी वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो की हे ८.८ कुठून आलं? रेडिओ लहरीवर तारखेचा शिक्का नसतो. दुर्बीण वर्षं मोजत नाही, ती फक्त ठरावीक कंप्रतेला किती ऊर्जा आली एवढंच नोंदवते. त्या नोंदीपासून ‘इतक्या अब्ज वर्षांपूर्वी’ इथपर्यंतचा प्रवास सरळ नाही, आणि तोच या प्रकरणाचा विषय आहे. खगोलशास्त्रज्ञ या काळाला ‘लुकबॅक टाइम’ म्हणतात. आपण एखादी वस्तू पाहतो तेव्हा तिची किती जुनी अवस्था पाहत असतो, त्याचं हे माप.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. हा वेग प्रचंड असला तरी अमर्याद नाही, म्हणून दिसणारी प्रत्येक गोष्ट थोडी शिळी असते. सूर्य आपल्याला सव्वाआठ मिनिटांपूर्वीचा दिसतो. देवयानी दीर्घिका हिवाळ्याच्या सुरुवातीला, अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणून ती २५ लाख वर्षांपूर्वीची दिसते. १८८५ साली तिच्यात एक तारा स्फोट पावलेला दिसला. तो स्फोट प्रत्यक्षात झाला तेव्हा पृथ्वीवर आजच्यासारखा माणूस नव्हता. इतक्या जवळच्या दीर्घिकेसाठी अंतर आणि काळ यांचा आकडा एकच असतो, अंतर कळलं की काळ कळला.

पण अंतर कळणं हीच अडचण असते. एडविन हबल यांनी १९२० च्या दशकात देवयानीमधल्या सेफीड ताऱ्यांची चमक किती दिवसांनी कमीजास्त होते ते पाहून तिचं अंतर काढलं. ते आलं जेमतेम नऊ लाख प्रकाशवर्षं. पुढे १९५० च्या सुमारास वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिलं की सेफीड तारे दोन जातींचे असतात आणि हबल यांनी चुकीच्या जातीचं माप लावलं होतं. अंतर एका फटक्यात दुपटीहून वाढलं. म्हणजे आकाशातला तोच ठिपका आजोबांच्या पुस्तकात नऊ लाख वर्षांपूर्वीचा होता आणि नातवाच्या पुस्तकात वीसबावीस लाख वर्षांपूर्वीचा झाला. लुकबॅक टाइम हा निरीक्षणाचा आकडा नसून निष्कर्षाचा आकडा आहे, हे इथेच ध्यानात ठेवलेलं बरं.

आणखी एक गंमत. देवयानीची चकती आपल्याला बरीचशी कडेवरून, तिरपी दिसते. तिची आपल्याकडची कड आणि पलीकडची कड यांच्यात लाखाहून अधिक प्रकाशवर्षांचा फरक आहे. त्यामुळे तिच्या कुठल्याही छायाचित्रात एकच क्षण नसतो. मागच्या कडेचा प्रकाश लाखभर वर्षं आधी निघालेला असतो. त्याने चित्र बिघडत मात्र नाही, कारण तिथल्या ताऱ्यांना केंद्राभोवती एक फेरी मारायला कोट्यवधी वर्षं लागतात. लाख वर्षांत ते जागचे फारसे हलत नाहीत.

आता खोडदच्या संकेताकडे येऊ. इतक्या दूरच्या दीर्घिकेत सेफीड तारे वेगळे दिसण्याचा प्रश्नच नाही. तिथे उपयोगी पडतो हायड्रोजनचा अणू. या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो, आणि दोघांनाही स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुण असतो. दोघांच्या फिरण्याची दिशा एकच असेल तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनने दिशा उलटी केली की ती ऊर्जा रेडिओ लहरीच्या रूपाने बाहेर पडते. या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर आणि कंप्रता १४२०.४ मेगाहर्ट्झ असते. हायड्रोजन पुण्यातला असो की विश्वाच्या दुसऱ्या टोकाचा, हा आकडा तोच. एकटा अणू मात्र अशी उलटी सरासरी एक कोटी वर्षांतून एकदाच मारतो. दीर्घिकेत अणूंची संख्या अफाट असते म्हणूनच काहीतरी हाती लागतं, आणि तेही इतकं क्षीण की त्याआधीचा अशा एकेकट्या दीर्घिकेचा विक्रम ४.१ अब्ज वर्षांपलीकडे गेला नव्हता.

खोडदला हा संकेत १४२० ला आला नाही. तो आला ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे निघताना २१ सेंटिमीटर असलेली लहर पोहोचताना ४८ सेंटिमीटरची झाली होती, २.२९ पट ताणली गेली होती. हा ताण कुणी दिला? प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत होतं, आणि ज्या अवकाशातून लहर येत होती ते अवकाशच ताणलं जात होतं. विश्व जितक्या पट वाढलं तितक्याच पट लहर लांबली. या लांबण्याला ताम्रसृती म्हणतात. तिचा आकडा पटीतून एक वजा करून देण्याची पद्धत आहे, म्हणून या दीर्घिकेची ताम्रसृती १.२९.

निरीक्षणातून थेट मिळतं ते एवढंच. हा संकेत निघाला तेव्हा दीर्घिकांमधली अंतरं आजच्या ४४ टक्के होती. हे विधान भक्कम आहे, कारण ते दोन कंप्रतांच्या भागाकारातून येतं आणि त्यात दुसरं काहीही गृहीत धरलेलं नाही.

पण ६२० मेगाहर्ट्झला आलेली खूण हायड्रोजनचीच, याची खात्री कशी पटली? या कंप्रतांच्या आसपास जगभर टीव्हीची प्रक्षेपणं चालतात, आणि माणसाने निर्माण केलेला गोंगाट हा रेडिओ खगोलशास्त्रज्ञांचा रोजचा शत्रू आहे. इथे दोन गोष्टी मदतीला आल्या. या दीर्घिकेच्या दृश्य प्रकाशाचा वर्णपट आधीच घेतलेला होता आणि त्यावरून तिची ताम्रसृती माहीत होती. म्हणजे खूण नेमकी कुठे उमटायला हवी हे आधी ठाऊक होतं, आणि ती तिथेच उमटली. दुसरी गोष्ट नशिबाची. या दीर्घिकेच्या आणि आपल्या मध्ये, जवळपास एका रेषेत, दुसरी एक जड दीर्घिका उभी आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणाऱ्या लहरी वळतात आणि एकवटतात. या नैसर्गिक भिंगाने संकेत सुमारे तीसपट मोठा केला. ते नसतं तर जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना मिळूनही तो गोंगाटातून वर आला नसता.

आता ४४ टक्क्यांवरून वर्षांकडे. इथे अवघड भाग सुरू होतो. विश्व ४४ टक्क्यांचं शंभर टक्के व्हायला किती काळ लागला, हे ते कोणत्या वेगाने वाढलं त्यावर ठरतं, आणि तो वेग सगळा वेळ सारखा नव्हता. सुरुवातीच्या काळात पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने प्रसरणाला लगाम घातला होता. गेल्या पाचसहा अब्ज वर्षांत ज्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात त्या घटकाचा जोर वरचढ ठरला आणि प्रसरण पुन्हा वेग घेऊ लागलं. म्हणून हिशेबाला दोन गोष्टी लागतात : आजचा प्रसरणाचा दर, आणि विश्वात पदार्थ व कृष्ण ऊर्जा यांचं प्रमाण. पदार्थ सुमारे ३१ टक्के, बाकी कृष्ण ऊर्जा, आणि वैश्विक पार्श्वप्रारणावरून मिळणारा ६७-६८ चा दर धरला, तर आजचं विश्व १३.८ अब्ज वर्षांचं ठरतं. संकेत निघाला तेव्हा ते ४.९ अब्ज वर्षांचं होतं. वजाबाकी केली की उत्तर ९ अब्जाच्या थोडं खाली येतं.

पण हाच दर जवळच्या दीर्घिकांमधल्या सेफीड ताऱ्यांवरून आणि स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून मोजणारे लोक ७३ असा सांगतात. दोन्ही गट काळजीपूर्वक काम करणारे आहेत आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. ७३ घेतला तर आपल्या दीर्घिकेचा लुकबॅक टाइम साडेआठ अब्जाच्याही थोडा खाली उतरतो. बातमीतल्या ८.८ मधला दशांशचिन्हानंतरचा ८ हा असा निवडीतून आलेला आहे. म्हणून शोधनिबंधांमध्ये शास्त्रज्ञ वर्षांऐवजी ताम्रसृती लिहितात. वर्षं उद्या बदलतील, ताम्रसृती बदलणार नाही. शिवाय दर कोणताही घेतला तरी क्रम बदलत नाही. ताम्रसृती १.२९ ची वस्तू ०.३ च्या वस्तूपेक्षा जुन्या काळातलीच दिसणार.

ताम्रसृती आणि काळ यांची चालही सारखी नाही. शून्यापासून एकपर्यंत गेलं की जवळपास आठ अब्ज वर्षं मागे जाणं होतं. एकच्या पुढे, अगदी अनंतापर्यंत गेलात तरी सहा अब्जांपेक्षा कमी वर्षं उरतात. दहा आणि अकरा या ताम्रसृतींमध्ये तर काही कोटी वर्षांचाच फरक असतो. ‘सर्वांत दूरच्या दीर्घिकेचा नवा विक्रम’ अशी बातमी आली की हे आठवावं. विक्रमाचा आकडा मोठी उडी घेतो, इतिहासात आपण त्या मानाने थोडेसेच मागे सरकतो.

मग ही दीर्घिका ८.८ अब्ज प्रकाशवर्षं दूर आहे का? बऱ्याच बातम्यांनी तसं लिहिलं, आणि ते बरोबर नाही. संकेत निघाला तेव्हा ती आपल्या जागेपासून सुमारे ५.८ अब्ज प्रकाशवर्षांवर होती. (‘आपल्या जागेपासून’ म्हणजे आकाशगंगा जिथे आहे तिथपासून. सूर्य नव्हता, पण आकाशगंगेचे जुने तारे होते.) लहर आपल्याकडे येत राहिली आणि उरलेली वाट पुढ्यात लांबत राहिली, म्हणून ५.८ ऐवजी जवळपास ९ अब्ज वर्षं लागली. या काळात तिच्या मागची वाटही ताणली जात होती आणि दीर्घिका दूर जात होती. आज ती सुमारे १३ अब्ज प्रकाशवर्षांवर असणार. तिन्ही आकडे खरे आहेत, तिघांचे प्रश्न वेगळे आहेत : तेव्हा किती दूर, प्रवासाला किती काळ, आणि आज किती दूर. देवयानीच्या बाबतीत हे तिन्ही एकच होते, कारण २५ लाख वर्षांत विश्व नाव घेण्याइतकंही वाढत नाही. देवयानी तर उलट आपल्याकडे येते आहे, आणि तिचा प्रकाश किंचित आखूड झालेला असतो. शेजारच्या दीर्घिकांसाठी ताम्रसृती हे घड्याळ चालतच नाही.

अवकाशाच्या ताणण्याचा आणखी एक परिणाम होतो. लहरीचे दोन उंचवटे एकमेकांपासून दूर जातात तसेच कोणत्याही दोन घटनाही. त्या दीर्घिकेतला एखादा तारा स्फोट पावून शंभर दिवसांत विझला, तर आपल्याला तो २२९ दिवस विझताना दिसेल. दूरच्या अशा स्फोटांवर हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे आणि ते बरोबर निघालं आहे. म्हणजे आपल्याला नुसता भूतकाळ दिसत नाही, तो संथ गतीने दिसतो. ताम्रसृतीचं कारण प्रसरणच आहे, प्रकाश वाटेत ‘थकतो’ म्हणून लांबतो असं नाही, याचा हा सर्वांत सरळ पुरावा. थकलेल्या प्रकाशाने रंग बदलला असता, पण स्फोटाचे दिवस वाढवले नसते.

घड्याळ चुकतं तेव्हा काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. जुलै २०२२ मध्ये वेब अवकाश दुर्बिणीची पहिली छायाचित्रं आली आणि काही आठवड्यांत सीअर्स-९३३१६ नावाच्या एका लालसर ठिपक्याने खळबळ उडवली. त्याची ताम्रसृती १६ च्या वर असल्याचा अंदाज होता. तसं असतं तर तो विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या २४ कोटी वर्षांचा ठरला असता. अंदाज वर्णपटावरून नव्हता, वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून घेतलेल्या चित्रांवरून होता. अतिदूरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो, त्यामुळे ती आखूड लहरींच्या गाळण्यांमध्ये नाहीशी होते आणि लांब लहरींच्या गाळण्यांमध्ये दिसते. हा ठिपका तसाच वागत होता. मात्र धुळीने माखलेली जवळची दीर्घिकाही निळ्या बाजूला मंद दिसते. त्यात तिच्या ऑक्सिजनच्या आणि हायड्रोजनच्या ठळक रेषा नेमक्या काही गाळण्यांमध्ये पडल्या, तर त्या गाळण्यांमध्ये ती खोटी उजळ भासते. २०२३ मध्ये वेबनेच वर्णपट घेतला आणि त्या रेषा सुट्या दिसल्या. ताम्रसृती निघाली ४.९. ठिपका जवळपास एक अब्ज वर्षांनी अलीकडच्या काळात सरकला. त्याच मोहिमेत तपासलेली दुसरी एक दीर्घिका मात्र ११.४ वर खरी ठरली. म्हणून नुसत्या रंगांवरून सांगितलेल्या विक्रमाला शास्त्रज्ञ ‘उमेदवार’ म्हणतात. वर्णपटात निदान दोन रेषा, किंवा एक नि:संशय रेषा ओळखली गेली की मगच ती जागा पक्की होते.

एवढ्या खटाटोपानंतर हाती काय लागतं? खोडदच्या दीर्घिकेपुरतं सांगायचं तर तिच्यातल्या हायड्रोजनचं वस्तुमान तिच्यातल्या ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या जवळपास दुप्पट निघालं. आपल्या आकाशगंगेत हे नातं उलटं आहे, तारे खूप आणि वायू थोडा. पण एका दीर्घिकेवरून इतिहास लिहिता येत नाही, आणि इथे या पद्धतीची मोठी मर्यादा समोर येते. आपण कोणत्याही एका दीर्घिकेला वयात येताना पाहू शकत नाही. प्रत्येकीचा एकच क्षण मिळतो. गावातल्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एका दिवसात पाहून माणसाचं आयुष्य कसं जातं ते ठरवावं, तसा हा प्रकार आहे. त्यातही दूरवरची फक्त तेजस्वी दीर्घिकाच दिसते, मंद ती निसटते. त्यामुळे जुन्या काळातल्या सगळ्याच दीर्घिका झगमगत होत्या असा गैरसमज सहज होतो.

यावर उपाय म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी सहकाऱ्यांसह वेगळी वाट धरली. त्यांनी जीएमआरटीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७६५३ दीर्घिकांकडे पाहिलं. एकीचाही संकेत स्वतंत्रपणे दिसण्याजोगा नव्हता. पण प्रत्येकीची ताम्रसृती आधीच माहीत असल्याने प्रत्येक वर्णपट तितका मागे सरकवून, सगळे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढता आली. गोंगाट एकमेकांना खोडत गेला, हायड्रोजनची खूण मात्र साठत गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : त्या दीर्घिकांकडे हायड्रोजन भरपूर होता, पण ज्या झपाट्याने त्या तारे घडवत होत्या त्या झपाट्याने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता. बाहेरून नवा वायू पुरेसा येत राहिला नाही तर ताऱ्यांचा जन्मदर घसरणारच, आणि तो पुढच्या काळात खरोखर घसरलेला दिसतो.

दूर पाहणं म्हणजे मागे पाहणं, या एका गोष्टीवर विश्वाबद्दलचा एक मोठा वादही लढला गेला. फ्रेड हॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं स्थिर स्थिती विश्वाचं मत असं होतं की विश्व सर्व काळी सारखंच असतं. मग मागे कितीही पाहिलं तरी फरक दिसता कामा नये. १९६१ मध्ये केंब्रिजला मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी पुढे ठेवली. मंद, म्हणजे बहुतेक दूरचे, म्हणजे पूर्वीचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले होते. हॉईल यांच्या बाजूने उत्तर देण्यात त्यांचा तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर होता. आपण विश्वाच्या कमी स्रोतांच्या भागात राहत असू तर मोजणीत असाच फरक दिसेल, असं त्या दोघांनी दाखवलं. युक्तिवाद हुशार होता आणि त्या वेळच्या ढोबळ मोजणीपुरता तो खोडणंही सोपं नव्हतं. पण मोजणी जसजशी नेमकी झाली तसा फरक पक्का होत गेला. क्वेसार पूर्वीच्या काळात दाट आणि आज विरळ आढळले, आणि १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारण सापडल्यावर बहुतेकांच्या दृष्टीने निकाल लागला. नारळीकरांना मात्र तो शेवटपर्यंत पूर्ण पटला नाही.

आज त्या दीर्घिकेची काय अवस्था असेल? वायू संपून ती शांत झाली असेल, किंवा शेजारणीत विलीनही झाली असेल. तिने आज सोडलेला प्रकाश इथे कधीतरी पोहोचेल, पण ८.८ अब्ज वर्षांत नव्हे, त्याच्या कितीतरी पट काळाने, कारण वाट आता अधिक वेगाने ताणली जाते आहे. ताम्रसृती साधारण १.८ च्या पलीकडच्या दीर्घिकांना तर एवढीही सोय नाही. प्रसरण असंच वेग घेत राहिलं तर त्यांच्याकडून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. सीअर्स-९३३१६ त्यातलीच एक आहे. तिचा जुना प्रकाश आणखी लांबत, मंदावत येत राहील, तिचं आजचं रूप मात्र इथून कुणालाही, कितीही मोठ्या दुर्बिणीने दिसायचं नाही.